वृश्चिकेचा चंद्र आणि नोव्हेंबर २०२५: जन्मचंद्रावरचं गोचर पाहून एकच महिना कसा सांगतात?

वैशाली_अमळनेर | २५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. परवा भाऊबीजेला माहेरी चोपड्याला गेले होते. धाकटा भाऊ शेजाऱ्यासोबत भागीत जुना ट्रॅक्टर घेतोय. कापसाचे पैसे हातात आले की नोव्हेंबरात टोकन द्यायचं आणि बॉण्डवर सह्या करायच्या असं ठरलंय. गावातल्या गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं की वृश्चिकेला नोव्हेंबर सबंध वाईट, काहीही करू नका. कारण विचारलं तर म्हणाले, "जन्मचंद्रावरून मंगळ, बुध, रवी तिन्ही जातायत."

मला उपाय किंवा शांती नको आहे. महिना वाईट ठरवतात तो नेमका कसा, तेवढं समजून घ्यायचंय. तीस दिवस एकसारखे वाईट कसे असतील? त्याचा चंद्र वृश्चिकेत १२ अंश, अनुराधा तिसरं चरण. वय चौतीस पूर्ण. जन्मवेळ नक्की नाही, आई कधी सकाळचे आठ म्हणते, कधी दहा.

मिलिंद_पाचोरा | २५ ऑक्टोबर

ताई, वृश्चिकेला शनी पाचवा चालू आहे आणि साडेसातीचा शेवट अजून अंगात आहे. छोटी पनोती पण आहेच. शनी बरा होईपर्यंत कुठलाच महिना चांगला जात नाही. मंगळ-रवीचं काय घेऊन बसलात, शनी मोठा ग्रह.

नाना_धुळे | २५ ऑक्टोबर

मिलिंदराव, शनी पाचवा आहे हे बरोबर, तो २९ मार्च २०२५ ला मीनेत आला. पण वृश्चिकेची साडेसाती तूळ, वृश्चिक, धनू या तीन राशींत होती. २४ जानेवारी २०२० ला शनी मकरेत गेला आणि ती संपली. छोटी पनोती चौथ्या आणि आठव्या शनीची धरतात. चौथा शनी म्हणजे कुंभेचा, तोही यंदा मार्चमध्ये सुटला. पाचवा शनी गोचरात, म्हणजे ग्रहांच्या चालू भ्रमणात, शुभ नाही हे खरं, त्याला तिसरा, सहावा आणि अकरावाच चांगला. पण ही पनोती नाही.

तुमच्या म्हणण्यातली एक गोष्ट मात्र धरून ठेवण्यासारखी आहे: मोठा ग्रह आधी बघायचा. फक्त त्याचा उपयोग वेगळा. शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो, म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर तिन्ही महिन्यांना तो सारखाच लागू. नोव्हेंबर शेजारच्या महिन्यांपेक्षा वेगळा का, हे शनी सांगूच शकत नाही. ते सांगतात मंगळ, रवी, बुध, शुक्र, आणि त्यातले दिवस सांगतो चंद्र. शनी-गुरूंवरून मी एवढंच बघतो की त्या माणसाचा काळ मुळात तंग आहे की मोकळा.

वैशालीताई, तुमच्या प्रश्नावर सविस्तर उद्या लिहितो.

रेखा_भुसावळ | २६ ऑक्टोबर

मी पण वृश्चिकच आहे! जन्म २ नोव्हेंबरचा. मागच्या नोव्हेंबरात घरात खूप आजारपण झालं, म्हणजे हा महिना आम्हाला दरवर्षीच वाईट का? नाना, मलाही तारखा सांगाल का?

नाना_धुळे | २६ ऑक्टोबर

रेखाताई, तुम्ही जन्मतारखेवरून रास धरताय. ती इंग्रजी पद्धतीची सूर्यरास. आपल्या पंचांगाने २ नोव्हेंबरला सूर्य तुळेत असतो, वृश्चिकेत तो १६ नोव्हेंबरच्या आसपास येतो. आणि गोचर तर सूर्यावरून बघतच नाहीत, जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता त्यावरून बघतात. २ नोव्हेंबरला जन्मलेल्या माणसाचा चंद्र बारापैकी कुठल्याही राशीत असू शकतो. जन्मसाल आणि वेळ घेऊन पंचांगात चंद्र बघा, तोवर या धाग्यातल्या तारखा स्वतःला लावू नका.

आता वैशालीताईंचं. तुमच्या भावाच्या वृश्चिकेला एक धरा आणि नोव्हेंबरात कोण कुठे आहे ते मोजा. रवी १६ तारखेपर्यंत तुळेत, म्हणजे बारावा, आणि नीचेचा. १६ ला दुपारी तो वृश्चिकेत येतो, म्हणजे पहिला. रवीला तिसरं, सहावं, दहावं आणि अकरावं स्थान चांगलं, म्हणून महिन्याचे दोन्ही अर्धे रवीकडून कोरडे. मंगळ उद्या, २७ ऑक्टोबरला वृश्चिकेत येतोय आणि ७ डिसेंबरपर्यंत तिथेच. त्याला तिसरं, सहावं, अकरावं चांगलं. पहिला मंगळ म्हणजे तापटपणा, अंगात उष्णता, मार लागणं, यंत्र-वाहनाची कटकट. बुध २४ तारखेलाच वृश्चिकेत आलाय, तोही पहिला चांगला नाही. गुरुजींनी जे सांगितलं ते इथपर्यंत अगदी शास्त्राप्रमाणे आहे.

त्यांनी दोन ग्रह सोडले. शुक्र २ ते २६ नोव्हेंबर तुळेत, बारावा, मग पहिला. शुक्राला ही दोन्ही स्थानं शुभ आहेत. आणि गुरू १८ ऑक्टोबरपासून कर्केत, उच्चीचा, नववा. गुरूला दुसरं, पाचवं, सातवं, नववं, अकरावं चांगलं. शिवाय कर्केतून त्याची पाचवी दृष्टी वृश्चिकेवर पडते. महिन्यावर सरसकट फुली मारण्याआधी याचा हिशेब करायला हवा होता.

तुषार_शिरपूर | २६ ऑक्टोबर

नाना, राशीवरून एवढं मोघम निघतं की कुणालाही लागू होईल. मंगळ वृश्चिकेत चाळीस-एक दिवस आहे, त्या सगळ्या दिवसांत वृश्चिकेचे सगळे लोक भांडणार का? मी सॉफ्टवेअरवर लाहिरी अयनांश लावून अंश काढले. भावाचा चंद्र १२ अंशांवर. मंगळ तिथे १३ नोव्हेंबरला पोचतो. रवी पोचतो २८ ला. आणि बुध १० नोव्हेंबरच्या सुमाराला साधारण साडेबारा अंशांवर थांबून वक्री होतोय, म्हणजे जवळपास त्याच्या चंद्रावरच उभा राहतोय. मग वक्री जात २३ ला परत तुळेत.

माझ्या मते खरा काळ १० ते १३ नोव्हेंबर, बाकी महिना साफ मोकळा.

नाना_धुळे | २७ ऑक्टोबर

तुषार, तारखा बरोबर आहेत आणि त्या काढल्यास हे फार चांगलं केलंस. गोचरातली खरी धार अंशांत आहे. राशी नुसती चौकट देते. पण "बाकी मोकळा" म्हणू नकोस. मंगळ काही एका दिवसासाठी येऊन जात नाही. त्याची गती सध्या दिवसाला पाऊण अंशाच्या आत आहे. मी जन्मचंद्राच्या मागे-पुढे तीन-तीन अंश धरतो, म्हणजे मंगळाचे चार-चार दिवस: ९ ते १७ नोव्हेंबर. रवी दिवसाला एक अंश जातो, म्हणून त्याचे तीन-तीन दिवस, साधारण २५ ला सुरू होऊन १ डिसेंबरपर्यंत.

इथे जुन्या नियमाशी थोडा खटका उडतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. परंपरेने रवी आणि मंगळ राशीच्या आरंभी फळ देतात, गुरू-शुक्र मध्यावर, शनी आणि चंद्र शेवटी, आणि बुध पूर्ण राशीभर. त्या नियमाने मंगळाचं फळ पहिल्या दहा अंशांत, म्हणजे २७ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. अंशांच्या हिशेबाने त्याच्या पुढचा आठवडा. दोन्ही मानणारे जाणकार आहेत. मी अंशाला जास्त वजन देतो, कारण आरंभ-मध्य-अंताचा नियम एका राशीच्या सगळ्या लोकांना एकच तारीख देतो आणि अंश प्रत्येकाला वेगळी देतात.

त्याच जुन्या नियमातून गुरूबद्दल मात्र मोलाचं काही निघतं. गुरू मध्यावर फळ देतो. या वेळी तो कर्केत एक अंशही पुरा करत नाही, ११ नोव्हेंबरला तिथूनच वक्री होतो आणि ५ डिसेंबरला परत मिथुनेत जातो. उंबऱ्यावर पाय ठेवून मागे फिरलेला पाहुणाच तो. म्हणून नववा उच्चीचा गुरू असूनही वृश्चिकेवाल्यांना नोव्हेंबरात त्याचं भरघोस फळ मी सांगणार नाही. २ जून २०२६ ला तो पुन्हा कर्केत येईल आणि जुलै-ऑगस्टात राशीच्या मध्यात असेल. खरा नववा गुरू तेव्हाचा.

अण्णा_रावेर | २७ ऑक्टोबर

मनी बी रास वृश्चिकच शे नाना. आमची केळीची बाग नोव्हेंबरात कापणीला येते, व्यापारी ठरलेला आहे, माल रोखून धरता येत नाही. झाडावर पिकला तर भाव पडतो. मग वाईट महिना म्हणून आम्ही काय करायचं?

नाना_धुळे | २७ ऑक्टोबर

अण्णा, कापणी गोचर बघून पुढेमागे करू नका. घड तयार झाला की तो काढायचाच. या विद्येने फार तर एवढं सांगावं की अमुक दिवसांत डोकं लवकर तापेल, काट्यावर शब्द वाढवू नका, कोयता हातात असताना घाई करू नका. त्यातही तुमचा चंद्र किती अंशांवर आहे ते कळल्याशिवाय तुमचे दिवस सांगता येणार नाहीत. ज्येष्ठा चौथ्या चरणाचा, २८ अंशांचा चंद्र असेल तर मंगळ तिथे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचेल आणि तुमचा नोव्हेंबर बराचसा निसटेल.

वैशाली_अमळनेर | २८ ऑक्टोबर

नाना, दोन शंका. जन्मवेळेत दोन तासांचा गोंधळ आहे, मग १२ अंश तरी पक्के कसे? आणि काल गुरुजींना फोन केला तेव्हा त्यांनी "गुरूला केतूचा वेध आहे, म्हणून गुरू धरला नाही" असं सांगितलं. ते काय?

नाना_धुळे | २८ ऑक्टोबर

पहिली शंका फार नेमकी. चंद्र एका दिवसात साधारण तेरा अंश चालतो, म्हणजे एक अंशाला दोन तासांहून थोडा कमी वेळ. आई आठ म्हणाली काय किंवा दहा म्हणाली काय, चंद्र फार तर एक-सव्वा अंश हलेल. तेवढ्याने मंगळाची तारीख दीड-पावणेदोन दिवस सरकते, रवीची एखाद दिवस. आपण धरलेल्या मर्यादेत ते सहज बसतं. त्याच दोन तासांत जन्मलग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, मात्र बदलू शकतं. जन्मवेळ घड्याळाने नोंदलेली नसेल तिथे चंद्रावरून गोचर बघणं म्हणूनच सोयीचं पडतं.

पण महादशा, म्हणजे जन्मनक्षत्रावरून ठरणारे एकेका ग्रहाचे काळ, लावायला गेलात की हाच एक अंश अंगावर येतो. अनुराधेचा चंद्र म्हणजे जन्माला शनीची दशा, एकोणीस वर्षांची. ती सव्वातेरा-साडेतेरा अंशांच्या नक्षत्रात वाटलेली असते, म्हणून चंद्र एक अंश सरकला तर पुढच्या सगळ्या दशा जवळजवळ दीड वर्षाने सरकतात. १२ अंश पक्के धरले तर भावाला चौतीस ते पस्तीस या वर्षी शुक्रात रवीची अंतर्दशा येते. वेळ चुकली असेल तर अजून शुक्रात शुक्र चालू असेल, किंवा शुक्रात चंद्र लागला असेल. रवीचीच अंतर्दशा असेल तर २८ नोव्हेंबरच्या रवीला मी जास्त जपेन, नसेल तर तो मामुली. हे आत्ता ठरवता येणार नाही. शाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद असं काही सापडलं तर बघा.

वेधाचं असं आहे. गोचरात प्रत्येक शुभ स्थानाला एक अडवणारं स्थान असतं. नवव्या गुरूला दहाव्या स्थानातला ग्रह अडवतो. वृश्चिकेपासून दहावी सिंह, आणि तिथे मे महिन्यापासून केतू आहे. केतूचा वेध मानला तर गुरू बंद, गुरुजींचं म्हणणं त्यातून आलं. पण राहू-केतू वेध करतात की नाही यावर एकमत नाही. मी वेध सात ग्रहांपुरताच धरतो, कारण राहू-केतू दीड-दीड वर्ष एका राशीत असतात आणि एवढा लांब वेध मानला तर महिन्याच्या भाकितात त्याचा काही उपयोगच उरत नाही.

सात ग्रहांपुरतं बघितलं तर सिंहेत नोव्हेंबरात फक्त चंद्र जाईल, १२ च्या संध्याकाळपासून १५ च्या पहाटेपर्यंत. नेमका तेव्हाच मंगळ भावाच्या चंद्रावर आहे आणि गुरूचा आधार अडलेला. सबंध महिन्यातली सर्वांत नाजूक जागा विचाराल तर मी ही सांगेन.

तुषार_शिरपूर | २९ ऑक्टोबर

नाना, मला तुमचं केतूचं कारण पटत नाही. ग्रह लांब राहतो म्हणून त्याचा वेध धरायचा नाही, मग शनीचा वेध कसा धरता? तो तर अडीच वर्षं असतो. आणि गुरूची पाचवी दृष्टी म्हणालात, पण गुरू एक अंशाच्या आत आहे, चंद्र १२ वर. मंगळाला अंश लावायचे आणि गुरूला नुसती रास, असं दोन मापांनी कसं मोजायचं?

नाना_धुळे | २९ ऑक्टोबर

दृष्टीबद्दल तू म्हणतोस ते रास्त आहे. अंशाने बघितलं तर ती दृष्टी वृश्चिकेच्या आरंभावर पडते, भावाच्या चंद्रापासून अकरा अंश लांब. पूर्ण धरता येणार नाही, मी ती आधारापुरती धरतो. केतूबद्दल माझं मत तेच आहे. गुरुजी वेध मानतात, मी मानत नाही, आणि दोघांच्याही मागे परंपरा आहे.

सुहास_जळगाव | ३० ऑक्टोबर

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझा यावर विश्वास नाही. पण चर्चा तारखांवर आली आहे, ते मला आवडलं. तारीख आली की तपासता येतं.

डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात एक चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिळून दोनशे पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कोण कुठल्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्यांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं तेवढंच.

वैशालीताई, माझी विनंती एवढीच: काय घडलं तर भाकीत खरं आणि काय घडलं तर खोटं, हे आत्ताच लिहून ठेवा. नंतर आठवायला बसलं की प्रत्येक महिन्यात एखादं भांडण सापडतंच. आणि ज्या शेजाऱ्यासोबत ट्रॅक्टर घेताय त्याची रास कोणती? व्यवहार एकच, तारखा त्याच. त्याला नोव्हेंबर चांगला निघत असेल तर ही उत्तम कसोटी होईल.

नाना_धुळे | ३० ऑक्टोबर

सुहाससर, त्या चाचणीत जन्मपत्रिकेवरून बुद्धी ओळखायची होती, महिन्याच्या गोचराची परीक्षा ती नव्हती. पण ज्योतिषाच्या दाव्यांवरचा तो निकाल आहे आणि आम्ही तो झटकू नये. लिहून ठेवण्याची सूचना मला मान्य आहे. मीही तेच सांगणार होतो.

वैशाली_अमळनेर | ३१ ऑक्टोबर

शेजाऱ्यांची रास मकर, नक्षत्र श्रवण. अंश माहीत नाहीत.

नाना_धुळे | ३१ ऑक्टोबर

मग कसोटी खरंच जमून आली. मकरेपासून वृश्चिक अकरावी. म्हणजे जो मंगळ तुमच्या भावाला पहिला, तोच त्यांना अकरावा, लाभाचा. १६ नंतर रवीही अकरावा. बुध अकरावा, गुरू सातवा, शनी तिसरा, स्थानाने सगळे शुभ, फक्त सातव्या गुरूला तिसऱ्या शनीचा वेध. अकराव्या मंगळाला पाचव्या स्थानातून वेध असतो, तिथे वृषभ, आणि चंद्र तिथून जाईल ते दोन दिवस सोडले तर ती रिकामी. महिन्याचं गोचर यापेक्षा चांगलं क्वचित असतं.

तर माझं लिहून ठेवा. भावाला ९ ते १७ मध्ये वाद, यंत्र किंवा वाहनाची अडचण, नाहीतर तापासारखी उष्णतेची तक्रार. १० च्या आगेमागे कागदांत चूक किंवा लिहिलेलं परत लिहावं लागणं. ८ ते १० चंद्र मिथुनेत, आठवा, त्या दिवसांत मन उतरलेलं. २० च्या पहाटेपासून २२ च्या संध्याकाळपर्यंत चंद्र जन्मराशीत. एरवी जन्मराशीतला चंद्र शुभ, पण २० ला दुपारी अमावास्या असल्याने तो क्षीण. २८ च्या आसपास थकवा, वरिष्ठ किंवा सरकारी माणसाशी कुरबुर.

सह्यांसाठी दिवस मागाल तर २५ नोव्हेंबर. मंगळ पुढे गेलेला, रवी अजून तीन अंश मागे, आणि चंद्र पहाटेच मकरेत, तिसरा. बुध तेव्हाही वक्रीच, तो महिनाअखेरीस मार्गी होतो. म्हणून कागद दोनदा वाचा. हे सगळंच टाळायचं म्हटलं तर एकही दिवस हाती लागत नाही.

मिलिंद_पाचोरा | १ नोव्हेंबर

मंगळवार आहे २५ ला. मंगळवारी व्यवहार?

नाना_धुळे | १ नोव्हेंबर

वार हा मुहूर्ताचा विषय, इथे आपण गोचर बघतोय. मनात शंका येत असेल तर २६ घ्या, चंद्र २७ च्या दुपारपर्यंत मकरेतच आहे.

वैशाली_अमळनेर | ९ डिसेंबर

मंडळी, ठरल्याप्रमाणे लिहिते. भावाने वहीत रोजचं टिपलं होतं, माझ्या सांगण्यावरून. त्याला नानांच्या तारखा मी मुद्दाम सांगितल्या नव्हत्या, फक्त सह्या २५ नंतर कर एवढंच सांगितलं होतं.

३ नोव्हेंबरला ताप आला, दोन दिवस अंथरुणात. ८ ते १० मजेत गेले, मामेभावाकडे कार्यक्रम होता. १२ ला बॉण्डचा मसुदा आला, त्यात चेसिस नंबरचा एक आकडा आरसी बुकाशी जुळत नव्हता, सगळं परत टाइप करावं लागलं. १४ ला कापसाच्या वजनावरून काट्यावर जोरदार वाजलं, भाऊ एरवी शांत माणूस आहे. २० ते २२ काहीच विशेष नाही. २६ ला सह्या झाल्या. २८ कोरडा गेला, थकवा नाही की कुरबुर नाही.

शेजाऱ्यांचं विचारलं. मसुदा चुकला तो दोघांचाच. त्यांचा कापूस त्याच काट्यावर दुसऱ्या दिवशी गेला आणि वाद झाला नाही. मात्र त्याच आठवड्यात त्यांची मोटार जळाली.

तुषार_शिरपूर | ९ डिसेंबर

१२ आणि १४! म्हणजे मंगळ-बुध दोन्ही अंशावर लागले. २८ चा रवी लागला नाही, म्हणजे रवीची अंतर्दशा नसावी, जन्मवेळ तिकडे सरकवून बघा.

सुहास_जळगाव | ९ डिसेंबर

तुषार, २८ चुकला म्हणून जन्मवेळ बदलायची, हेच मला नको होतं. वेळ बदलून प्रत्येक चूक बरोबर करता येते. ताप ३ तारखेचा, सांगितलेल्या दिवसांत नाही. चंद्र आठवा असताना भाऊ मजेत. मकरवाल्याला सर्वोत्तम महिना असून मोटार जळाली. आणि ९ ते १७ म्हणजे नऊ दिवसांत वाद, यंत्र किंवा ताप यांपैकी एक घडलं तरी चालेल, असं जाळं टाकलं होतं. कापूस विकायच्या हंगामात काट्यावर वाद न होणारा शेतकरी दाखवा.

अण्णा_रावेर | १० डिसेंबर

ते खरं शे सर, काट्यावर वाद दरसालचा. पण शांत माणूस त्याच दिवशी तापला ना.

नाना_धुळे | १० डिसेंबर

सुहाससर, रवीबद्दल आणि आठव्या चंद्राबद्दल माझं सांगणं उतरलं नाही, हे स्पष्ट आहे. तुषार, जन्मवेळ हलवायची नाही. दाखला मिळाला तर दाखल्यावरून ठरवू, घटनेवरून नाही. ३ तारखेचा ताप आरंभाच्या नियमात बसतो, मंगळ तेव्हा पहिल्या दहा अंशांत होता, पण मी आधी अंशांचा पक्ष घेतला होता, तेव्हा तो माझ्या बाजूला मोजू नका. मसुद्याची चूक आणि काट्यावरचा वाद मी मोजतो. मकरवाल्यांच्या मोटारीचं उत्तर त्यांचे अंश आणि दशा कळल्याशिवाय माझ्याकडे नाही.

वैशाली_अमळनेर | १० डिसेंबर

नाना, गुरू ५ तारखेला मिथुनेत परत गेला, म्हणजे भावाला आठवा ना? आणि मंगळ ७ ला धनूत. डिसेंबर कसा बघायचा? वही चालूच आहे.

नाना_धुळे | १० डिसेंबर

गुरू आठवा, मंगळ दुसरा, दोन्ही अशुभ, पण जन्मचंद्रावर आता मंगळ नाही. शुक्र ५-६ डिसेंबरलाच त्याच्या १२ अंशांवरून गेला. बुध ६ ला पुन्हा वृश्चिकेत आलाय, या वेळी मार्गी, आणि महिन्याच्या मध्याला त्या अंशावर येईल. रवी १६ ला धनूत. माझ्या मते पैशांची ओढाताण आणि घरात बोलण्यावरून कुरबुर, १६ नंतर जास्त. नेमक्या तारखा रविवारपर्यंत काढून इथेच लिहितो. सुहाससर, या वेळी खरं-खोटं कशाला म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी तारखा देतो.

सुहास_जळगाव | ११ डिसेंबर

ठरलं. फक्त एकेका काळासाठी एकच घटना सांगायची, तीन नाहीत. आणि मकरवाल्यांचंही तेवढंच आधी लिहायचं.